साखळी वाक्य तोडताना कारण जपावे

‘माझी वाक्ये लांबत जातात आणि एकसुरी वाटतात. अर्थ न बदलता ती कशी तोडावीत?’

रावेरकडच्या केळीबागेविषयीचे हे वाक्य पाहावे: ‘रात्री वादळ येऊन केळीची झाडे आडवी होऊन घड जमिनीवर आपटून डागाळल्याने व्यापाऱ्याने भाव उतरवला.’ यातील ‘येऊन’ आणि ‘होऊन’ ही रूपे केवळ क्रम सांगत नाहीत, तर कारणही सांगतात. म्हणून तेथे नुसते पूर्णविराम दिल्यास घटना सुट्या पडतात आणि अर्थ पातळ होतो. मी ते असे लिहीन: ‘रात्री वादळ आले. त्यात केळीची झाडे आडवी झाली आणि घड जमिनीवर आपटून डागाळले. त्यामुळे व्यापाऱ्याने भाव उतरवला.’ ‘आपटून’ मात्र मुद्दाम ठेवले आहे, कारण आपटणारे आणि डागाळणारे घड एकच आहेत. कर्ता बदलतो तेथेच वाक्य तोडणे मला योग्य वाटते.