नास्तिक मोजायलाही धर्माचाच रकाना?

सह्यकडा: नास्तिकांवर, धर्म न मानणाऱ्यांवर विद्यापीठांत अभ्यास व्हायला हवा, असं म्हणतात. पण 2011 च्या जनगणनेत देशभरात नास्तिक सुमारे 33 हजार. लाखात तीनसुद्धा नाहीत. एवढ्या मूठभर लोकांवर अभ्यास कसला करायचा? देव मानत नाही, म्हणजे धर्म नाही. विषय संपला. जे नाहीच त्याचा अभ्यास कसा होतो?

वसुधा_क: हा 33 हजारांचा आकडा कोणत्या तक्त्यात आहे ते एकदा बघा. 'इतर धर्म आणि पंथ' या शीर्षकाखाली, सरना या आदिवासी धर्मासारख्यांच्या यादीत! धर्म नाकारणाऱ्याला मोजायला धर्मांच्याच यादीत बसवलंय. 'धर्म नमूद नाही' असे सुमारे 29 लाख आणखी वेगळे. त्यातले ठरवून गप्प राहिलेले किती आणि नुसताच रकाना रिकामा राहिलेले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

'देव नाही म्हणजे धर्म नाही' हे तर मला अजिबात पटत नाही. 2014 चा मुंबई उच्च न्यायालयातला खटला घ्या. अर्जदार एका लहानशा ख्रिस्ती समूहातले. येशूवर त्यांची श्रद्धा, पण ख्रिस्ती किंवा दुसरा कुठलाही धर्म आपण मानत नाही, असं त्यांचं म्हणणं. राजपत्रात 'ख्रिस्ती' बदलून 'धर्म नाही' करा, असा अर्ज त्यांनी दिला आणि सरकारी मुद्रणालयाने तो फेटाळला. न्यायालयाने कलम 25 चा आधार घेऊन सांगितलं की कुठलाच धर्म न मानण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि धर्म सांगाच अशी सक्ती सरकारला करता येणार नाही. म्हणजे 'निधर्मी' लिहिण्याचा हक्क मिळवला तो श्रद्धाळू माणसांनी. उलट जैन धर्मात जग निर्माण करणारा देव नाही, तरी त्याला धर्म नाही असं कोण म्हणेल? मानणं वेगळं आणि एखाद्या धर्माचं असणं वेगळं. एकाच रकान्यात दोन्ही विचारलं की उत्तर चुकणारच.

तर्कशुद्ध: हा सगळा घोळ पाश्चात्त्यांचा. आपल्याकडे नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, मनुस्मृतीत स्पष्ट आहे. मीमांसा दर्शनातल्या मीमांसकांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, तरी वेद मानतात म्हणून ते आस्तिक. आपल्याकडे व्याख्येचा प्रश्नच नाही.

वसुधा_क: मीमांसकांचं बरोबर. पण वेद न मानणारा तो नास्तिक, ही व्याख्यासुद्धा धर्माच्याच मापाने केलेली आहे. आणि माझी आत्या शेजारच्या मुलाला 'नास्तिक मेला' म्हणते, ते त्याने आरतीला टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून. तिथे वेद कुठे आले?

दोन_डोंगर: माझं सांगतो. बायको ख्रिस्ती घरातली, मी हिंदू घरातला, लग्न विशेष विवाह कायद्याखाली. मुलीच्या प्रवेश अर्जात धर्मापुढे 'निरंक' लिहिलं. कारकुनाने माझ्यासमोर त्यावर रेघ मारून 'हिंदू' लिहिलं. म्हणाला, "वडिलांचाच लागतो, रिकामं ठेवलं तर संगणक पुढे जात नाही." मुलगी बाजूला उभी होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बाबा, मी हिंदू केव्हा झाले?"

वसुधा_क: तो कारकून एकटाच नाही. हिंदू विवाह कायदा 1955 वाचा. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या माणसालाही तो लागू होतो, वेगळं सिद्ध केलं नाही तर. मग नास्तिक कुणात मोजले जाणार?

उत्तरेचा_वारा: तुम्हा लोकांना रकाना रिकामा ठेवणं परवडतं. 1950 च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध सोडून दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शीख 1956 मध्ये आले, बौद्ध 1990 मध्ये. माझ्या भावाचा देवावर काडीचा विश्वास नाही. पण 'धर्म नाही' लिहिलं तर जात पडताळणीत काय होईल, या भीतीने तो 'हिंदू' लिहितो. तुमच्या 33 हजारांत तो नाही, आणि उद्याच्या प्रबंधातही नसेल!

तर्कशुद्ध: आदेशात 'दुसरा धर्म' असं आहे. धर्मच नसेल तर दुसरा कुठून आला? दर्जा राहायला हवा.

उत्तरेचा_वारा: हे त्या खिडकीवर जाऊन सांगा. पडताळणी अडली तर भावाची नोकरी तुम्ही देणार आहात का?

वसुधा_क: तुमचं खरं आहे, मी हे धरलंच नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ योहानेस क्वाक यांनी महाराष्ट्रात अंनिसच्या कार्यकर्त्यांमध्ये राहून अभ्यास केला, तेव्हा तिथली माणसं तरी प्रत्यक्ष भेटली. पण तुमच्या भावासारखा माणूस संघटनेतही सापडणार नाही आणि कागदावरही नाही. त्याला गाठायचं तर घरी जाऊनच बोलावं लागेल.

सह्यकडा: ठीक आहे, 33 हजारांवरून मी निष्कर्ष काढायला नको होता, एवढं मान्य. पण येशूला मानणारे आणि उत्तरेचा_वारा यांचा भाऊ, दोघं एकाच अभ्यासात बसवणार असाल तर तो नास्तिकांचा अभ्यास म्हणू नका. दुसरं नाव शोधा.

दोन_डोंगर: नावाचं नंतर बघा. दाखल्यावरचा तो 'हिंदू' काढायला अर्ज कुणाकडे करायचा, कुणाला माहीत आहे का?