उत्तर: अपडेटनंतर स्किन अर्धीच का दिसते?

> "स्टीमचं अपडेट आलं नि स्किन अर्धवट दिसायला लागली. सगळं काढून परत टाकू का?"

थांब भावा, लगेच काढू नकोस. स्किन पूर्ण गायब असती, तर स्टीमवर स्किन चढवणारं मिलेनियमच लोड होत नाही असं समजून आधी ते अपडेट केलं असतं. तुझी अर्धी दिसतेय, म्हणजे मिलेनियम चालतंय, फक्त स्किनच्या सीएसएसमध्ये लिहिलेली काही नावं स्टीमनं बदललीत.

2023 पासून स्टीमची खिडकी आतून वेब पानच आहे. त्यातल्या क्लासची नावं अर्थहीन अक्षरांची असतात आणि नव्या बिल्डमध्ये बदलू शकतात. जुन्या नावावरचा नियम मग कुठंच लागत नाही, एररही दिसत नाही.

स्टीम पूर्ण बंद कर, मग स्टीमच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट काढून असं उघड:

```
steam.exe -cef-enable-debugging
```

क्रोममध्ये `localhost:8080` उघड, यादीतली मुख्य खिडकी निवड आणि बिघडलेल्या भागावर इन्स्पेक्ट कर. माझ्याकडं सांगलीत लायब्ररीची डावी पट्टी पांढरी पडली होती. नवं नाव उचललं, स्किनच्या फाइलीत जुन्याच्या जागी टाकलं (समज `._1aBc` चं `._9xYz`), रंग परत आला. चहा गार व्हायच्या आत काम झालं!

हा बदल वेगळ्या फाइलीत जपून ठेव, कारण स्किनचं पुढचं अपडेट तो पुसून टाकतं. काम झालं की स्टीम बंद करून नेहमीसारखं उघड. डीबगिंगचं ते दार उघडं असताना पीसीवरचा दुसरा प्रोग्रामही स्टीमच्या पानात शिरू शकतो.