अं-म्हणजे कापायचे, पण ठेका तुटू द्यायचा नाही: रिपल सगळ्या ट्रॅकवर की फक्त आवाजावर?

विनया, कॉलेज रोड
पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांची मुलाखत एडिट करतेय. दोन माइक, दोन ट्रॅक. सुरुवातीच्या बोलण्याखाली मित्राने वाजवलेला केरवा आहे, मिनिटाला 90 मात्रा, क्लिकवर रेकॉर्ड केलेला. पहिले 4 सेकंद संगीत एकटं, मग बोलणं. 0:48 ला बासरी येते आणि तिथेच माझा प्रश्न पडतो, "मग त्या रात्री काय झालं?" त्याआधीचे अं, म्हणजे, लांब थांबे काढले की 7.1 सेकंद जातात. रिपल सगळ्या ट्रॅकवर ठेवलं की तबला अडखळतो. फक्त आवाजावर ठेवलं की बासरी प्रश्नाच्या खूप नंतर येते. तुम्ही कसं करता? रीपर वापरते.

सिडकोचा आदित्य
एवढा विचार कशाला? रिपल per-track वर ठेव, सगळे अं उडव, मग संगीताच्या सुरुवातीचे 7.1 सेकंद कापून ट्रॅक मागे ओढ. बासरी जागेवर येते. श्रोत्याला थांबे नकोच असतात, एकही ठेवू नकोस.

जुना टेपवाला
आदित्य, संगीत मागे ओढायचं हे बरोबर. पण 7.1 ने ओढलंस तर ते आवर्तनाच्या मध्येच सुरू होणार. पहिल्याच ठोक्याला कान विचारेल, सम कुठे गेली?

आणि per-track मध्ये एक खड्डा आहे. पाहुण्याच्या ट्रॅकवरचा अं कापला की फक्त पाहुणा अलीकडे सरकतो, विनयाताईंचा माइक तिथेच राहतो. चार कापांनंतर त्यांचा "हो का" उशिरा, पाहुण्याच्या पुढच्या वाक्यावर ऐकू येतो. शिवाय पाहुण्याचा आवाज त्यांच्याही माइकमध्ये थोडा शिरलेला असतो, तो दुसऱ्यांदा प्रतिध्वनीसारखा येतो. म्हणून दोन्ही माइकचे क्लिप निवडून `G` दाबा, म्हणजे ते एका ग्रुपमध्ये येतात, आणि प्रत्येक काप दोन्हींवर एकाच जागी मारा. संगीत त्या ग्रुपमध्ये नाही, त्यामुळे ते हलत नाही.

आता संगीत. 90 च्या लयीत एक मात्रा 0.667 सेकंदाची, केरव्याचं 8 मात्रांचं आवर्तन 5.33 सेकंदांचं. ताई, तुमची बासरी 0:48 ला म्हणजे नेमकी नऊ आवर्तनं संपल्यावर येते. तेव्हा संगीतातून कापायचं ते अख्खं आवर्तन, समेपासून समेपर्यंत, आणि तेही एकाच ठिकाणी. सात-आठ बारीक कापांच्या जागी संगीताला एकच काप. एक आवर्तन काढलं की बासरी 42.67 ला येते. तुमचा प्रश्न आता 40.90 वर आहे. फरक उरला 1.77 सेकंदांचा. तेवढे थांबे परत द्या.

रामकुंड रेकॉर्डर
माझंही अगदी हेच होतंय. रामकुंडावर आरतीच्या वेळी मुलाखत घेतली, अं कापला की मागची घंटा उडी मारते. रिपल बंद करून बघितलं, तरी तेच.

जुना टेपवाला
दादा, तुमचं दुखणं वेगळं. घंटा बोलण्याच्याच माइकमध्ये आहे, ती वेगळ्या ट्रॅकवर काढता येत नाही. रिपल चालू असो वा बंद, काप तिलाही बसणार. पुढच्या वेळी बोलणं संपल्यावर दोन-तीन मिनिटं नुसता घाटाचा आवाज घ्या आणि तो सलग खाली अंथरा, उड्या बऱ्याच झाकल्या जातात. या मुलाखतीत मात्र घंटेच्या दोन ठोक्यांमध्येच कापा, बाकीचे अं राहू द्या.

पंचवटीचा तबलजी
काका, हिशोब पटला, पण सगळी आवर्तनं सारखी नसतात हो. वाजवणाऱ्याने तिसऱ्या-चौथ्यात उठाण घेतलं असेल आणि तुम्ही नेमकं तेच काढलं, तर पुढची सम उपरी वाटते. आधी ऐका, साधा ठेका चाललेलं आवर्तन शोधा आणि ते काढा. दुसरं, सम बरोबर ग्रिडवर बसेलच असं नाही, क्लिकवर वाजवलं तरी हात थोडा मागे-पुढे होतो. वेव्हफॉर्म मोठा करून थापेच्या किंचित आधी कापा. क्रॉसफेड 10–20 मिलिसेकंद पुरे, कारण येणारी थाप काप झाकते. तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर असेल तर त्याला मात्र लांब फेड लागतो, पाव सेकंद तरी.

आणि क्लिकशिवाय वाजवलेलं असतं तर ते 5.33 विसरायचं. लय वाढत जाते, तिथे कानच खरा.

सिडकोचा आदित्य
मला ते 1.77 परत देणं पटत नाही. दोन आवर्तनं काढा! बासरी 37.33 ला येईल. मग सुरुवातीचं एकटं संगीत कमी करून बोलणं 3.57 सेकंद आधी आणा, प्रश्नही 37.33 ला. आकडा तुमच्याच पद्धतीने बसतो.

पंचवटीचा तबलजी
म्हणजे 4 सेकंदांचं 0.43 होणार. मात्राभरसुद्धा नाही. मग तबला लावलाच कशाला?

सिडकोचा आदित्य
पॉडकास्ट आहे की मैफल?

ऑडॅसिटीवाली, इंदिरानगर
ऑडॅसिटी 3 वापरणाऱ्यांसाठी: `Sync-Lock Tracks` चालू केलं की लागून असलेले सगळे ऑडिओ ट्रॅक एकाच गटात जातात, संगीतही. दोन्ही आवाजांखाली एक लेबल ट्रॅक घाला आणि संगीत त्याच्या खाली ठेवा, गट तिथे तुटतो. मी मात्र अं हाताने काढतच नाही, `Truncate Silence` लावते.

जुना टेपवाला
लेबलची युक्ती चांगली, ताई. पण `Truncate Silence` ला अं दिसत नाही, त्याला फक्त शांतता कळते. उंबरठा वर ठेवला तर तो मराठी वाक्याची शेपटीही खातो. "होतं", "गेलं" यातला शेवटचा स्वर हळू असतो. आणि संगीत त्याच निवडीत आलं तर शांतता सापडतच नाही, काहीच कापलं जात नाही.

हाताने काढताना श्वासाकडे लक्ष द्या. अं च्या आधी श्वास, नंतर श्वास, आणि मधला अं काढला की दोन श्वास एकमेकांना चिकटतात. अं सोबत एक श्वासही जाऊ द्या. "म्हणजे" पुढच्या शब्दाला चिकटून आला असेल तर सोडून द्या, ओढून काढलात तर पुढच्या शब्दाचं तोंड तुटतं.

संगीताचा आवाज खालीवर करणाऱ्या रेषा आत्ता काढू नका. आवाज सरकला तरी त्या जुन्याच जागी राहतात आणि संगीत भलत्याच ठिकाणी दबतं. त्या सगळ्यात शेवटी.

विनया, कॉलेज रोड
एक आवर्तन काढलं, पाचवं, त्यात नुसता ठेका आहे. काप मलाच सापडत नाही आता. 1.77 साठी जागाही मिळाली. माझ्या प्रश्नाच्या आधी ते "छाटणी झाली होती, आणि ढग आले" म्हणतात आणि तीन सेकंदांहून जास्त गप्प राहतात. मी ते जवळजवळ सगळं कापलं होतं. त्यातले 1.77 मूळ रेकॉर्डिंगमधूनच परत आणले, पंख्याच्या आवाजासकट.

सिडकोचा आदित्य
आणि बासरी त्या थांब्यानंतर. म्हणजे श्रोत्याला रडवायचं ठरलेलं दिसतंय.

विनया, कॉलेज रोड
थांबा त्यांचाच आहे. घातलेला नाही, ठेवलेला आहे.

पंचवटीचा तबलजी
बासरी मात्र तुम्ही घातलेली आहे, ताई. आदित्यचं तेवढं खरं. थांबा ठेवा, पण बासरी पुढच्या समेला, 48 लाच येऊ द्या की. मग आवर्तन काढायचीही गरज नाही.

जुना टेपवाला
मग 42.67 पासून पाच सेकंद प्रश्न आणि उत्तराची सुरुवात नुसत्या ठेक्यावर. दोन्ही बाउन्स करून इथे टाका, ऐकून बोलू.