हिरव्या मिरच्यांचे देठ कुजतात, मदत हवी आहे

पेठेतली_सून: मंडईतून आणलेल्या हिरव्या मिरच्या आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत. देठ काळे पडून चिकट होतात, मिरची मऊ पडते. फ्रिज चांगला आहे. करून पाहिलेला उपाय सांगा, लवकर. घरी रोज ठेचा लागतो.

माई_धायरी: देठ काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. मी कायम असंच करते, महिनाभर काही होत नाही.

यार्डातला_जुना: आधी सांगा, धुवून ठेवता का? कशात ठेवता? आणि फ्रिजमध्ये नेमक्या कुठल्या कप्प्यात?

गच्चीतली_बाग: माझ्या कुंडीतल्या मिरचीची पानंसुद्धा अशीच वळतात. चुरडा-मुरडा असेल. पिवळे चिकट सापळे लावा, फुलकिडे आणि पांढरी माशी किती आहे ते कळतं.

पेठेतली_सून: @गच्चीतली_बाग, झाड नाहीये हो, विकतच्या मिरच्या आहेत! @यार्डातला_जुना, धुवूनच ठेवते, पावसात मातीने भरलेल्या असतात. स्टीलच्या डब्यात, सगळ्यात वर, फ्रीझरच्या खाली. तिथे गारवा जास्त असतो म्हणून.

यार्डातला_जुना: तुमची दोन दुखणी वेगवेगळी आहेत. देठ कुजतो तो ओलाव्याने. देठाला धरून जी हिरवी टोपी असते, तिच्याखाली पाणी अडकतं आणि पुसूनही निघत नाही. बंद डब्यात ते वाळायला जागाच नसते, म्हणून बुरशी तिथूनच सुरू होते.

मिरची मऊ पडते ती बहुधा थंडीने. मिरची उष्ण हवेतलं पीक, तिला ७ ते १० अंश मानवतात. फ्रीझरखाली त्याहून बरंच गार असतं. एक मिरची उभी चिरून बघा. सालीवर बारीक खड्डे आणि आत बिया तपकिरी झाल्या असतील तर ती थंडीने बाधली आहे. बिया पांढऱ्या-पिवळसर आणि साल नुसती सुरकुतलेली असेल तर पाणी उडून ती वाळली आहे. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून आधी बघून सांगा.

माई_धायरी: एवढं कशाला? देठ काढला की कुजायला उरतंच काय?

यार्डातला_जुना: माई, देठापासून कुजतं हे तुमचं बरोबर आहे. पण घाईने ओढला की टोपीबरोबर मिरचीचा लचका निघतो आणि तिथून कुज थेट आत शिरते. तुमच्या डब्यात टिकतात कारण तुम्ही कोरड्या ठेवत असणार. त्यांच्या ओल्या मिरच्या त्याच डब्यात दोन दिवस राहणार नाहीत.

माई_धायरी: मी धुतच नाही मुळी, वापरायच्या वेळी धुते. पण देठ काढायचाच, यावर मी ठाम आहे.

कसबा_खवय्या: सरळ व्हिनेगरमध्ये घाला. किंवा फ्रीझरमध्ये टाका, सहा महिने बघायला नको.

पेठेतली_सून: व्हिनेगरचा ठेचा सासरे खाणार नाहीत. फ्रीझरमधली मिरची बाहेर काढली की लिबलिबीत होते, मला कडक हवी आहे. आत्ताच चिरून पाहिली. बिया तपकिरी आहेत, सालीवर खड्डेही आहेत.

यार्डातला_जुना: म्हणजे थंडीच. आता घेतानाच नीट घ्या. पावसाळ्यात राशीवर पाणी असतंच, वरच्या भिजलेल्या सोडून बाजूच्या कोरड्या उचला. देठ हिरवा आणि ताठ हवा, टोपी घट्ट बसलेली. टोपीच्या कडेला टाचणीएवढं भोक दिसलं तर आत अळी असते, ती मिरची नको. वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे.

घरी आल्यावर न धुता सुती फडक्यावर एकेरी पसरून पंख्याखाली ठेवा. टोपीभोवतीचा ओलावा गेला की लगेच उचला, देठ मलूल होईपर्यंत थांबू नका. फारच माती असेल तर ओल्या फडक्याने फक्त अंग पुसा, टोपीला पाणी लावू नका. मग डब्यात खाली-वर सुती कापड घालून भाजीच्या खालच्या कप्प्यात ठेवा, झाकण थोडं उघडं. एक दिवसाआड बघा. झाकणाला आतून थेंब दिसले तर कापड बदला. एखादी चिकट झाली की ती आणि तिला लागून असलेल्या बाहेर काढा.

पेठेतली_सून: आणि देठ? काढू की ठेवू?

यार्डातला_जुना: आठवड्यात संपणार असतील तर ठेवा. पुढे ठेवायच्या असतील तर माईंचं ऐका, पण कोरड्या झाल्यावर, टोपी अंगठ्याने हलवून सैल करून.

माई_धायरी: आठवड्यासाठीसुद्धा काढच गं. देठ ठेवून कुणाचं भलं झालं नाही.

कसबा_खवय्या: भावनगरी मिरची पण अशीच ठेवायची का? भजीसाठी आणली आहे.

यार्डातला_जुना: तिची साल जाड, तिला देठासकट ठेवा. पण आज-उद्या भजी करा.