प्रतिसाद: रात्रभर चुलीवर राहिलेलं पायाचं सूप

"पायाचं सूप रात्री विझत्या चुलीवरच राहिलं. सकाळी खळखळ उकळलं तर चालेल ना?"

नाही ताई, ओतून द्या. उकळीने जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात. विस्तव विझत गेला की पातेलं तासन्‌तास कोमट राहतं, आणि साठ अंशांखाली आलं की त्या बीजाणूंतून जंतू पुन्हा वाढू लागतात. बॅसिलस सिरियससारखे काही जंतू असं विष सोडतात, जे सकाळच्या उकळीनेही जात नाही. वास बिघडेलच असं नाही, म्हणून चाखून बघू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात मोठं पातेलं रात्रीही लवकर निवत नाही. पुढच्या वेळी हाडं काढा, सूप पसरट भांड्यात दोन बोटं ओता, गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.