खजुरात वेगळे किडे, चहात वेगळे: बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

स्मिता काकू (३०२): नमस्कार मंडळी. सकाळी चहाचा डबा उघडला तर पत्तीत तीन-चार बारीक तपकिरी किडे फिरत होते. मग शेजारचे डबेही काढले. खजुरात किडे, शेवयांच्या पुड्यात किडे, बदाम-मनुक्यांच्या बरणीत पांढरट अळ्या. चहा तर मागच्याच आठवड्यात आणलाय. दुकानदाराने जुना माल दिला की आमच्याच घरात काही आहे?

श्वेता (१०१): काकू, सगळं चाळून घ्या आणि ऊन पडलं की गच्चीवर पसरा. माझी आई तेच करते.

मोहन काका (४०४): स्मिताताई, जरा थांबा. इतक्यात काही फेकू नका, गच्चीवरही नेऊ नका. प्रत्येक डब्यातले दोन-चार किडे पांढऱ्या कागदावर झटका आणि उजेडात बघा. चपटे आहेत की पाठ फुगीर आहे? उडतात का? बरणीत कोळिष्टकासारखं जाळं दिसतं का?

स्मिता काकू (३०२): बघितलं. खजूर आणि शेवयांतले लांबट, चपटे आहेत, खूप पळतात, पण उडत नाहीत. चहातले वेगळे दिसतात. लालसर, फुगीर पाठीचे, डोकं खाली वाकलेलं. एक उडून खिडकीकडे गेला. जाळं कुठेच नाही.

मोहन काका (४०४): म्हणजे तुमच्याकडे दोन वेगवेगळे किडे आहेत, आणि दोघांचं मूळ वेगळ्या ठिकाणी असणार. गोदामात धान्य साठवणुकीत माझी उभी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चपटा किडा जेमतेम ३ मिलीमीटरचा असतो. भिंगातून पाहिलंत तर मानेच्या दोन्ही कडांना करवतीसारखे सहा-सहा दात दिसतील. त्याला खजूर, मनुका, सुकामेवा, शेवया, रवा सगळं चालतं. बरणीतल्या अळ्या त्याच्याच असाव्यात. पतंगाच्या अळ्या असत्या तर जाळं दिसलं असतं. हा किडा धड पिशवी फारशी कुरतडत नाही, पण इतका चपटा असतो की पिशवीच्या सैल घडीतून किंवा झाकणाच्या आट्यांमधून आत शिरतो. पिशवीला चिमटा लावला म्हणजे ती बंद झाली असं नाही.

चहातला फुगीर किडा तंबाखूच्या पानांना लागतो तोच. तो उडतो आणि प्लास्टिकची पिशवी पोखरून बाहेरही येतो. एका आठवड्याच्या कोऱ्या चहापत्तीत त्याची पिढी वाढत नाही, अंड्यापासून किडा व्हायला महिना-दीड महिना लागतो. तो दुसरीकडून आलाय. चहाच्या डब्याजवळ काय ठेवता? मसाला, हळकुंडं, सुक्या मिरच्या, सुंठ?

स्मिता काकू (३०२): सुंठ! चहाच्या मसाल्यासाठी दिवाळीत आणली होती. अर्धी पिशवी मागे तशीच राहिली.

मोहन काका (४०४): तिचा एक तुकडा कागदावर आपटून बघा.

स्मिता काकू (३०२): अहो काका, टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत आणि आतून पिठासारखी भुकटी पडतेय. सोबत दोन किडेही पडले. पिशवीलाही भोकं आहेत.

मोहन काका (४०४): हेच तुमच्या चहातल्या किड्यांचं घर. सुंठ पिशवीसकट दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा आणि आजच कचऱ्यात द्या, घरातल्या डब्यात रात्रभर ठेवू नका. आता चपट्यांचं मूळ शोधा. सगळ्यात जुनं, सगळ्यात मागे राहिलेलं पाकीट कोणतं?

रुखसाना ताई (२०४): काकू, ईदला मी शेवया दिल्या होत्या, त्या संपल्या का? आमच्याकडे शीरखुर्म्याच्या उरलेल्या शेवयांना दरवर्षी पावसाळ्यात असंच होतं. आता मी ईद झाली की उरलेल्या शेवया आणि खारका फ्रीजरमध्येच टाकते.

स्मिता काकू (३०२): त्याच आहेत रुखसाना. पाकिटाच्या तळाला पिठूळ साचलंय. त्याच्यावरच खजुराचं पाकीट ठेवलं होतं.

अनिकेत (५०१): काकू, गावी आमच्याकडे धान्यात गोळ्या टाकतात. कपाटात एक-दोन ठेवल्या की सगळं मरतं. मी आणून देऊ का?

मोहन काका (४०४): नको अनिकेत, घरात ती गोळी अजिबात आणू नकोस. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोदामात प्रशिक्षित माणसं ताडपत्री सीलबंद करून ती वापरतात आणि नंतर हवा मोजून मगच आत जातात. बंद फ्लॅटमध्ये झोपेत माणसं दगावलेली आहेत. या वायूवर उतारा नाही. तुमच्यापैकी कोणाच्याही घरात धान्यात अशी गोळी असेल तर खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मला फोन करा. डब्याला हात लावू नका.

अनिकेत (५०१): बाप रे. गावी लगेच फोन करून सांगतो.

श्वेता (१०१): काका, उन्हाला नाही का म्हणालात?

मोहन काका (४०४): वरचा थर तापतो, तेव्हा किडे खालच्या थरात नाहीतर सावलीत पळतात. खजुराच्या आतली अंडी तशीच राहतात. घरात फ्रीजरसारखा खात्रीचा उपाय दुसरा नाही. स्मिताताई, त्या शेवया आणि चहा टाकून द्या. बदाम-मनुक्यांच्या बरणीत भुकटी किंवा कुबट वास असेल तर तेही टाका. खजूर एकेक करून उभा फोडा, बी काढा, आत अळी किंवा काळसर बारीक विष्ठा दिसली तर तो बाजूला. जे स्वच्छ निघतील ते घट्ट पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये पूर्ण ४ दिवस ठेवा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किडे मरत नाहीत, नुसते सुस्त पडतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर आतल्या मालावर पाणी धरतं आणि बुरशी येते.

स्मिता काकू (३०२): आणि कपाट? आमटीत तमालपत्र वापरते, तेच चार कोपऱ्यांत ठेवू का? लवंगाही म्हणतात.

मोहन काका (४०४): त्याने आतली अळी मरत नाही. कपाट पूर्ण रिकामं करा. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र काढा, फळीच्या खुंट्यांची भोकं आणि कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. कीटकनाशक फवारू नका, तिथे आपलं खाणं असतं. बरण्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा, झाकणाच्या आट्या जुन्या टूथब्रशने घासा आणि दिवसभर वाळवून मगच भरा. यापुढे रबराची कडी असलेल्या काचेच्या नाहीतर स्टीलच्या बरण्या घ्या, आणि नवीन खजूर, सुकामेवा, शेवया आणल्या की आधी ४ दिवस फ्रीजर. शेवया भाजूनही ठेवता येतात, पण पूर्ण गार झाल्यावरच भरा.

शेवटी रिकाम्या कपाटात एका वाटीत मूठभर शेवया उघड्या ठेवा. फटीत अंडी राहिली असतील तर किडे त्या वाटीत येतील. दर रविवारी बघा, ६ आठवडे.

स्मिता काकू (३०२): काका, एक विचारू? परवा त्याच शेवयांची खीर नातीने खाल्ली. तिला काही होईल का?

मोहन काका (४०४): हे किडे विषारी नसतात आणि खीर उकळलेली होती. काळजी करू नका. अंगावर पुरळ किंवा श्वासाचा त्रास दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

*(पुढच्या रविवारी)*

स्मिता काकू (३०२): काका, वाटीत दोन चपटे सापडले. फळीच्या मागच्या फटीत शेवयांचा चुरा होता, तो काढला. फुगीर, उडणारा एकही दिसला नाही. वाटीत ताज्या शेवया घालून परत ठेवली आहे.

मोहन काका (४०४): छान. काढलेल्या शेवया बाहेरच्या कचऱ्यात गेल्या ना?

स्मिता काकू (३०२): हो, गाठ मारून.