‘निरंक’ म्हणजे नाकारलं का?

शुभा (मुलुंड): आमच्या गल्लीत केबलसाठी चर खणला आणि तसाच सोडला. सोसायटीतर्फे मी माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, त्याचं उत्तर आलंय. रविवारच्या सभेत एका पानात सांगायचंय की काय मिळालं, काय नाकारलं आणि का. पाच मुद्दे होते. खोदकामाच्या परवानगीची प्रत मिळाली, चार पानं. ‘आलेल्या तक्रारींची संख्या’ यापुढे ‘निरंक’. ‘तपासणी अहवालांच्या प्रती’ यापुढेही ‘निरंक’. मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीपुढे ‘कलम ८(१)(ज) नुसार देता येत नाही’. आणि चर का बुजवला नाही, यावर ‘प्रश्नार्थक माहिती देणे अभिप्रेत नाही’. दोन्ही निरंक मी ‘नाकारले’खाली लिहू का?

समीर: हो, सरळ लिहा. तीस दिवसांत माहिती दिली नाही तर ती नाकारली असंच कायदा धरतो. निरंक म्हणजे दिलीच नाही.

वसंतकाका: समीर, तीस दिवसांचं बरोबर आहे, पण ते उत्तरच न आल्यावर. इथे उत्तर आलंय. मी एकतीस वर्षं सरकारी टेबलावर काढली. निर् अधिक अंक, म्हणजे आकडा नाही. रकाना कोरा ठेवला तर मागाहून कुणीही काही भरेल, म्हणून तिथे निरंक लिहायची पद्धत. तेव्हा तक्रारींपुढचं निरंक म्हणजे ‘नोंदवही पाहिली, संख्या शून्य’. ते ‘उत्तर दिले’खालीच जायला हवं.

निर्मलाताई: आम्ही शाळेतून दर महिन्याला निरंक अहवाल पाठवायचो. माझ्या पेन्शनच्या अर्जाचं काय झालं, तेही असंच विचारता येईल का हो?

वसंतकाका: येईल ताई, पण त्याचा वेगळा धागा काढा.

शुभा: काका, शून्य कसं? मी स्वतः तक्रार दिली होती, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.

वसंतकाका: मग तर ‘नाकारली’ अजिबात लिहू नकोस! नकाराविरुद्ध अपील करताना ‘हे कलम इथे लागू होत नाही’ असं भांडावं लागतं. तुझं म्हणणं वेगळं आहे, माहिती दिली पण ती चुकीची. सारांशात लिही: ‘उत्तर: निरंक. आमच्याकडील पोचपावतीशी विसंगत.’ पोचेची प्रत अपिलाला जोड. खरा नकार एकच, मोजमाप पुस्तिकेचा. आणि तिथलं ते अक्षर नीट बघ, ‘ज’ आहे की ‘ञ’?

शुभा: टाइप केलेलं आहे, स्पष्ट ‘ज’. फरक पडतो?

वसंतकाका: फार. मराठी अधिनियमात पोटकलमं क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ अशी जातात. इंग्रजीतला ‘जे’, म्हणजे वैयक्तिक माहिती, तो मराठीत दहावा येतो, ‘ञ’. ‘ज’ आठवा, तो तपासात अडथळा येण्याबद्दल. पुष्कळ कार्यालयांत ‘जे’चा उच्चार ऐकून ‘ज’ टाइप होतो. तुझ्या उत्तरात कलमापुढे कारणाचं एखादं वाक्य आहे का?

शुभा: काहीच नाही. फक्त कलम. अपील कुणाकडे करायचं तेही नाही.

वसंतकाका: नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो, कलम ७(८). म्हणून तू अक्षर दुरुस्त करू नकोस आणि कारणही आपल्या मनाने भरू नकोस. ‘वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले’ असं लिहिलंस तर त्यांनी न दिलेलं कारण तूच त्यांना पुरवलंस. ‘८(१)(ज) असे नमूद, कारण दिलेले नाही’, बस्स.

समीर: पटलं. आणि पाचवा मुद्दा? तो तरी नकारच ना?

वसंतकाका: त्याला मी ‘माहितीच्या व्याख्येबाहेर ठरवले’ म्हणेन. ‘का’ विचारलं की ही पळवाट मिळते, कारण अधिकार नोंदीत असलेल्या माहितीवर आहे. नवं स्पष्टीकरण लिहून द्यायला ते बांधील नाहीत. ‘चर बुजवण्याबाबतच्या पत्रव्यवहाराची प्रत’ मागितली असती तर कारण त्यातच सापडलं असतं. शुभा, नव्या अर्जात तसं माग.

शुभा: आणि तपासणी अहवालांपुढचं निरंक? तिथे मी संख्या विचारलीच नव्हती, प्रती मागितल्या होत्या.

वसंतकाका: तिथे तो शब्द लंगडा पडतो. तपासणी झालीच नाही, की झाली पण कागद सापडत नाही? दुसरं असेल तर ‘अभिलेखात आढळून येत नाही’ असं लिहायला हवं होतं. मी तरी ‘तपासणी झाली नाही’ असंच वाचेन.

समीर: मी नाही वाचणार. कागद हरवल्यावरही निरंक लिहिलेलं पाहिलंय.

शुभा: मग मी त्यासाठी चौथा रकाना करते, ‘अर्थ स्पष्ट नाही’, आणि त्यांचा शब्द अवतरणात ठेवते. उत्तर हातात पडून अकरा दिवस झालेत, पहिल्या अपिलाला तीस असतात. अपिलात हेच विचारते: तपासणी झाली होती का, आणि झाली असेल तर अहवाल कुठे आहे.